सकाळी कळ येत नाही तेव्हा

उठल्याबरोबर कळ आली नाही, तर संडासात जाऊन बसू नका. आधी काहीतरी खा. पोटात अन्न पडलं की जठराकडून मोठ्या आतड्याला इशारा जातो आणि ते जोराने आकुंचन पावू लागतं. नुसत्या कोमट पाण्यापेक्षा पोहे किंवा भाकरी खाल्ल्यावर हा परिणाम ठळक दिसतो.

समजा, साडेसहाला नाश्ता झाला. सातच्या सुमारास बसा. कमोड असेल तर पायांखाली पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या आणि थोडं पुढे वाका; मग गुदमार्गाचा बाक सरळ होतो. मोबाइल बाहेरच ठेवा. पाच-दहा मिनिटांत काही झालं नाही, तर सरळ उठा. कुंथत बसल्याने गुदद्वाराच्या शिरांवर ताण येतो, मूळव्याध बळावते.

पुन्हा बसायचं ते दुपारच्या जेवणानंतर अर्ध्या तासाने. मधे कधीही कळ आली, तर मात्र लगेच जा. ती दाबली की मळातलं पाणी आतडं शोषत राहतं आणि तो कडक होतो.

एखादा दिवस कोरडा गेला तर बिघडत नाही. पण रक्त पडलं, वजन घटलं, किंवा पोट फुगून वायूही सरेना, तर डॉक्टरांकडे जा.