एसटी चुकण्याची शक्यता

सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान फाट्यावर एसटी येते आणि त्याच तासात एक प्रवासीही पोचतो. दोघांचीही नेमकी वेळ ठरलेली नाही आणि गाडी क्षणभरही थांबत नाही. मग गाडी चुकण्याची शक्यता किती?

प्रवासी आठनंतर x तासांनी आला आणि एसटी y तासांनी, असे धरू. आडव्या अक्षावर x आणि उभ्यावर y घेतला, की एक बाजू एक तासाची असा चौरस मिळतो. त्यातला प्रत्येक बिंदू म्हणजे एक संभाव्य सकाळ. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघणाऱ्या कर्णावर दोघे एकाच वेळी पोचतात. कर्णाखालच्या त्रिकोणात x मोठा, म्हणजे गाडी आधी निघून गेलेली.

त्रिकोण चौरसाच्या निम्मा आहे, म्हणून उत्तर निम्मे, असे म्हणण्याचा मोह होतो. सगळ्या वेळा सारख्याच संभवनीय असत्या तर ते बरोबर ठरले असते. पण समजा, दोघांनाही उशिरा येण्याची सवय आहे आणि एसटीला ती जास्त आहे. हा कल सांगणारी संयुक्त घनता अशी घेऊ:

f(x, y) = (2/3)(x + 2y)

चौरसावर एक किलो वाळू पसरली आहे आणि घनता म्हणजे त्या त्या जागचा थर, असे समजा. वरच्या उजव्या कोपऱ्यात हा थर २ भरतो. संभाव्यता एकाहून मोठी नसते, पण घनता असू शकते, कारण संभाव्यता थराच्या जाडीत नसून वाळूच्या वजनात असते. आपल्याला त्रिकोणावरच्या वाळूचे वजन हवे आहे.

त्यासाठी त्रिकोणाच्या उभ्या पट्ट्या पाडू. प्रवासी x वाजता आला, तर त्या पट्टीत y शून्यापासून फक्त x पर्यंत जातो. नेमकी चूक इथेच होते: y ची वरची मर्यादा सवयीने १ घेतली जाते आणि अख्खा चौरसच मोजला जातो. अशा वेळी उत्तर बरोबर १ येते, त्यावरून चूक ओळखावी. योग्य मर्यादांनी x + 2y चे y वर संकलन केले, की x² + x², म्हणजे 2x² उरते. आता शून्य ते १ पर्यंत x वर संकलन केले, की 2/3. बाहेरच्या 2/3 ने गुणले, की 4/9, म्हणजे सुमारे ४४ टक्के. शेवटच्या उत्तरात x किंवा y शिल्लक राहिला, तर मर्यादांचा क्रम उलटा लागला आहे असे समजावे.

पडताळा म्हणून वरचा त्रिकोणही मोजावा. तिथे 5/9 मिळतात आणि दोन्हींची बेरीज १ होते.

आता गाडी फाट्यावर दहा मिनिटे थांबू लागली, तर घनता तीच राहते, फक्त सीमारेषा 1/6 तासाने उजवीकडे सरकते आणि त्रिकोण आक्रसतो. तेच संकलन नव्या मर्यादांनी केले, की गाडी चुकण्याची शक्यता ४४ वरून सुमारे ३० टक्क्यांवर येते.