खोडलेली बाटली आणि फोटोखालची ओळ

फोटोग्राफी क्लबात नव्याने येणाऱ्यांसमोर बोलताना मी वारीतला एक फोटो पडद्यावर लावतो. दिवे घाटाचा चढ, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली वारकरी मावशी, मागे दिंड्यांची रांग. तिच्या पायाशी पाण्याची चेपलेली प्लास्टिकची बाटली पडली आहे आणि वर ढगाळ आभाळात दोन काळे ठिपके आहेत. यातलं काय काढाल, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, तिन्ही.

आधी ठिपके पाहू. त्याच वेळी काढलेले पुढचे-मागचे फोटो उघडा. एक ठिपका प्रत्येक फोटोत अगदी त्याच जागी दिसतो. एफ/१६ ला तो ठळक आहे, तर एफ/४ ला पुसट होत जवळजवळ नाहीसा होतो. ती सेन्सरवरची धूळ. घाटात ती नव्हतीच, कॅमेऱ्याने ती फोटोत घातली, म्हणून ती बिनदिक्कत काढावी. दुसरा ठिपका दर फोटोत जागा बदलतो. ती घार आहे. ती तिथे होती, म्हणून ती राहते. फियापसारख्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या निसर्ग विभागाच्या नियमांतही हीच रेषा आहे: कॅमेऱ्यामुळे आलेले डाग काढता येतात, दृश्यातली वस्तू काढता येत नाही.

बाटलीलाही हेच लागू होतं. हजारो माणसं ज्या रस्त्यावरून चालून गेली, त्या रस्त्यावर ती होती. ती खोडायला काही सेकंद पुरतात आणि म्हणूनच हात आवरत नाही. नको असेल तर दोन पावलं सरका, कॅमेरा थोडा वर धरा, किंवा नंतर फोटो खालून कापा. कापण्यातही खोटेपणा शिरू शकतो. कडेला उभा माणूस हाच प्रसंगाचा अर्धा भाग असेल, तर त्याला कापणं हे खोडण्याइतकंच आहे. बाटलीच्या बाबतीत तसं काही नाही.

एवढ्याशा बाटलीने काय बिघडतं, असा प्रश्न हमखास येतो. त्यावर मी नार्सिसो कॉन्ट्रेरास यांची गोष्ट सांगतो. सीरियातल्या युद्धाच्या छायाचित्रांसाठी २०१३चं पुलित्झर मिळवणाऱ्या असोसिएटेड प्रेसच्या चमूत ते होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी एका बंडखोर सैनिकाचा फोटो काढला. खालच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता. पाहणाऱ्याचं लक्ष तिकडे जाईल म्हणून त्यांनी शेजारची जमीन क्लोन करून तो झाकला. सैनिक खरा, बंदूक खरी, युद्धही खरं. तरीही जानेवारी २०१४मध्ये संस्थेने त्यांच्याशी संबंध तोडले. त्यांचे सुमारे पाचशे फोटो तपासले गेले, दुसरा एकही फेरफार सापडला नाही. म्हणजे एका कोपऱ्यापायी बाकीचे सगळे फोटोही संशयाच्या घेऱ्यात आले. शिक्षा कडक होती, पण मला ती योग्य वाटते. फोटो पाहणारा वाचक सीरियात जाऊन खात्री करू शकत नव्हता.

खोडकाम पकडायचं तर फोटो शंभर टक्क्यांवर उघडून सावकाश फिरवा. क्लोन केलेल्या जागी तोच खडा, तीच गवताची काडी बाजूबाजूला दोनदा दिसते. वस्तू जाते आणि तिची सावली मागे राहते. ओल्या रस्त्यावर प्रतिबिंब विसरलं जातं. कठड्याची सरळ रेघ मध्येच किंचित तुटते. सफाईने केलेलं काम मात्र डोळ्यांनी ओळखू येत नाही. म्हणून अनेक स्पर्धा मूळ रॉ फाइल मागतात.

आता फोटोखालची ओळ. ‘विठ्ठलाच्या ओढीने डोळे भरून आलेली माउली’ असं लिहायचा मोह होतो. तुम्ही काय पाहिलंत? मावशी पदराने डोळे पुसत होत्या, एवढंच. घाम असेल, वाऱ्याने उडालेली धूळ असेल. त्यांना विचारलंत आणि त्यांनी सांगितलं, तर ते त्यांच्या नावावर लिहा. नाही तर ‘ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात दिवे घाट चढताना डोळे पुसणारी वारकरी’ आणि पुढे महिना, वर्ष. कोण, कुठे, केव्हा, काय करत आहे, एवढं पुरतं. गेल्या वर्षीचा फोटो यंदाच्या वारीचा म्हणून देणं हाही फेरफारच, पिक्सेल एकही हललेला नसला तरी.

दिवाणखान्यातल्या भिंतीसाठी कोणी बाटली काढली, तर माझी हरकत नाही. मात्र खाली लिहावं: ‘रस्त्यावरची बाटली संपादनात काढली आहे.’ प्रदर्शनात किंवा मासिकात तो वारीची नोंद म्हणून जाणार असेल, तर बाटली राहू द्यावी.

फोटो पाठवण्याआधी मूळ फाइल शेजारी उघडा आणि काय काय काढलंत ते फोटोखाली लिहून पाहा. ते लिहायला संकोच वाटला, तर काढलेली वस्तू परत आणा.