पुसलेल्या जागी काय भरलं?

फोटोग्राफी क्लबात नव्याने आलेल्यांना नको असलेली वस्तू फोटोतून पुसणारं साधन फार लवकर सापडतं. विजेची तार, कडेला उभा माणूस, तरंगणारी प्लास्टिकची पिशवी. बोट फिरवलं की गायब! त्यांनी सुरुवातीलाच लक्षात घ्यावं, की फोटोतून नुसतं काही काढता येत नाही. तारेमागच्या आभाळाचा प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचलेलाच नसतो. त्यामुळे तार पुसली की तिथे भोक पडतं आणि ते कशाने तरी भरावं लागतं. क्लोन स्टॅम्प शेजारचा तुकडा उचलून तिथे उमटवतो. कन्टेन्ट-अवेअर फिल त्याच फोटोतून कडांशी जुळणारे तुकडे शोधून जोडतं. अलीकडची जनरेटिव्ह साधनं इतर असंख्य फोटोंवरून शिकून तिथे शोभेल असं काहीतरी नवंच रंगवतात. फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला तर चोरी बरेचदा पकडता येते. दगडावरची तीच चीर दोनदा दिसते, माणूस गेलेला असतो पण त्याची सावली उरलेली असते, किंवा सगळीकडे बारीक नॉइज असताना एकच पट्टा गुळगुळीत लागतो. भरणं सफाईदार असेल तर मात्र नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नाही.

यावर तांत्रिक माहिती असलेले सदस्य हटकून म्हणतात, की कॅमेरा तरी कुठे सगळं मोजतो? हरकत रास्त आहे. बहुतेक सेन्सरांवर बायर फिल्टरची जाळी असते. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून ठरवले जातात, म्हणजे रंगांची दोन तृतीयांश माहिती अंदाजाने आलेली असते. पण हा अंदाज प्रत्यक्ष मोजमापाला चिकटून असतो. त्या पिक्सेलचा एक रंग मोजलेला असतो, लगतच्या पिक्सेलचे रंग मोजलेले असतात आणि साऱ्या फोटोला एकच नियम लागतो. पुसलेल्या माणसामागच्या भिंतीचं एकही मोजमाप आपल्याकडे नसतं. सेन्सरवरच्या धुळीचा डाग काढायला हरकत नसते तीही याच हिशेबाने. तो डाग समोरच्या दृश्यात नसतोच, कॅमेऱ्याने घातलेला असतो. छिद्र एफ/१६ला ठेवून आभाळाचे दोन-चार फोटो घेतले तर तो प्रत्येकात त्याच जागी सापडतो.

‘कोपऱ्यातली बारकी वस्तू गेली तर बिघडलं काय?’ हा दुसरा आक्षेप. सप्टेंबर २०१३मध्ये असोसिएटेड प्रेससाठी फोटो काढणाऱ्या नार्सिसो कॉन्ट्रेरास यांनी सीरियातल्या चकमकीत आडोसा घेणाऱ्या एका बंडखोर सैनिकाचा फोटो काढला. डाव्या कोपऱ्यात खाली सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा जमिनीवर होता. वाचकाचं लक्ष तिकडे जाईल म्हणून त्यांनी शेजारची जमीन क्लोन करून तो झाकला. जानेवारी २०१४मध्ये त्यांनी हे स्वतःच संपादकांना सांगितल्यावर असोसिएटेड प्रेसने त्यांच्याशी संबंध तोडले. त्यांचे सुमारे ५०० फोटो तपासले गेले आणि दुसऱ्या कशात फेरफार सापडला नाही, तरी निर्णय फिरला नाही. शिक्षा कठोर होती, पण तो कॅमेरा मामुली नव्हता. सैनिकाच्या शेजारी आणखी कोणीतरी चित्रण करत होतं, हे तो सांगत होता. कोपरा नकोच होता तर क्रॉप करता आला असता. क्रॉपनेही संदर्भ जातो, पण चौकटीत उरतं ते सगळं टिपलेलं असतं.

आपल्याकडे याचं उदाहरण खाडीकाठी मिळतं. बीएनएचएसचे संशोधक पाणपक्ष्यांच्या पायात कडी आणि रंगीत फ्लॅग घालतात. फ्लॅगवरची अक्षरं फोटोत वाचता आली, की पक्षी कुठून आला ते कळू शकतं. ‘नैसर्गिक’ दिसावा म्हणून फ्लॅग पुसणारा फोटोतली सर्वांत मोलाची माहिती घालवतो, आणि तीही विनाकारण. अमेरिकेच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या नेचर विभागात अशा शास्त्रीय खुणा चालतात, वस्तू पुसणं चालत नाही.

मग पिक्टोरियल विभागातल्या कलात्मक चित्रांचं काय? तिथे खुशाल पुसा, आभाळही बदला. अट एवढीच, की चित्र घडवलेलं आहे हे कॅप्शनने लपवू नये. ‘डिजिटल संस्करण केले आहे’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ते उजळता वाढवण्यालाही लागू पडतं. ‘ठाणे खाडी, जानेवारी; उजवीकडची बोट पुसून तिथे पाणी भरले आहे’ असं लिहिलं तर पाहणाऱ्याला कुठल्या भागावर विसंबू नये ते कळतं. पक्षी पिंजऱ्यातला असेल किंवा खाणं टाकून बोलावलेला असेल तर तेही कॅप्शनमध्येच यायला हवं, कारण ते पिक्सेल तपासून कधीच सापडणार नाही. कॅप्शन फाइलच्या मेटाडेटात भरावं आणि फोटोसोबत वेगळंही लिहावं. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की आतला मजकूर सहसा गळून पडतो. मूळ रॉ फाइल मात्र हात न लावता जपून ठेवावी, परीक्षकांनी विचारलं तर तीच दाखवावी लागते.