बेड किती घालायचे? पाटीपासून सुरू होणारा गांडूळखताचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यात दूध आणि ऊस ही दोन पिकं एकाच दारात नांदतात. सकाळी दूध डेअरीला जातं, वैरणीला उसाचं वाडं येतं आणि या दोन्हींच्या मधे गोठ्यातून शेणाच्या पाट्या निघत राहतात. गोकुळ दूध संघ 1963 साली उभा राहिला, तेव्हापासून दारातली म्हैस हा इथल्या छोट्या शेतकऱ्याच्या संसाराचा रोजचा आधार आहे. त्या म्हशीच्या शेणाचं गांडूळखत करावं म्हणून पुष्कळांनी गोठ्यामागे बेड बांधले. त्यातले कितीतरी आज रिकामे पडलेत. विटा शाबूत असतात, पत्रा उडालेला असतो आणि बेडला लागूनच जुना उकिरडा पुन्हा वाढत असतो.

यातल्या बऱ्याच ठिकाणी गांडुळांचा दोष नसतो, चूक हिशेबाची असते. बेड एक किंवा दोन बांधलेले असतात. ते भरतात, गांडुळं कामाला लागतात. पुढचे दोन-अडीच महिने त्या बेडला हात लावायचा नसतो, पण गोठ्यातलं शेण काही थांबत नाही. मग रोजची पाटी उकिरड्यावर जाते किंवा त्याच बेडवर ओतली जाते. पहिल्या वाटेने बेड विसरला जातो, दुसऱ्या वाटेने आतली गांडुळं ताज्या शेणाच्या उष्णतेने मरतात. म्हणून बेड किती घालायचे, हे मागची जागा बघून ठरवता येत नाही. एक बेड किती दिवस अडकून राहतो आणि तेवढ्या दिवसांत गोठ्यातून किती माल येतो, यावर ते ठरतं.

हिशेबासाठी करवीर तालुक्यातल्यासारखा एक गोठा डोळ्यांसमोर आणू. दोन म्हशी, एक संकरित गाय. शेण रोज साधारण 45 किलो आणि दावणीत उरलेलं वाडं, कडब्याचा चुरा, गवत मिळून 15 किलो. एकूण 60 किलो. हा आकडा कुणाच्या घरचा तंतोतंत नसेल. तुमचा आकडा तुमच्या पाटीनेच काढायचा. आठवडाभर प्रत्येक पाटी वजनकाट्यावर ठेवायची आणि सात दिवसांची सरासरी घ्यायची. जनावरं चरायला जात असतील तर दिवसाचं शेण रानातच पडतं, ते धरायचं नाही.

हे 60 किलो थेट बेडमध्ये जात नाही. ताजं शेण आणि हिरवा चारा कुजताना तापतो. ढिगाच्या पोटात उष्णता 50 अंशांच्या वर सहज जाते, आणि गांडूळ पस्तिशीच्या पुढे तग धरत नाही. त्यामुळे आधी बाहेर सावलीत ढीग लावून माल अर्धवट कुजवून घ्यायचा. आपल्या गोठ्यात 15 दिवसांचा एक ढीग धरू. 15 दिवस ढीग भरायचा, पुढचे 15 दिवस तो पाणी मारून आणि एकदा उलटून तसाच ठेवायचा. तोवर शेजारी दुसरा ढीग भरत असतो. या काळात वाफ आणि वायू होऊन मालाचं वजन साधारण तिसऱ्या हिश्शाने उतरतं. 900 किलोचा ढीग 600 किलोवर येतो. ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघायचं. आत गरम लागलं तर आणखी थांबायचं, गार लागलं तर माल बेडला तयार.

आता 600 किलो माल किती जागा घेतो? यासाठी घरातला 15 लिटरचा तेलाचा डबा पुरतो. अर्धवट कुजलेला, ओलसर माल त्यात सैलसर भरून तोलला तर तो सात-साडेसात किलोच्या आसपास भरतो. एक घनफूट म्हणजे जवळजवळ असे दोन डबे, म्हणजे घनफुटाला 14 किलो. 600 ला 14 ने भागलं की 43 घनफूट येतात. 10 फूट लांब, 3 फूट रुंद आणि दीड फूट उंच भरलेल्या बेडमध्ये 45 घनफूट माल बसतो. एक ढीग, एक बेड असं हे माप बरोबर जुळतं, म्हणून आपण तेच धरू. रुंदी मात्र हौसेने वाढवायची नाही. मधोमध पाय न देता दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे, त्यामुळे 3 फूट चांगली आणि 4 फूट ही शेवटची हद्द.

खरा वाद होतो तो खोलीवर. दीड फुटाऐवजी तीन फूट भरलं तर एका बेडमध्ये दोन ढीग मावतात आणि निम्म्या बेडमध्ये काम भागेल, असा हिशेब बरेच जण मांडतात. कागदावर तो चुकीचा नाही. पण खतासाठी आपण वापरतो ते आयसेनिया फेटिडा जातीचं गांडूळ जमिनीच्या पोटात बिळं करणारं नाही. ते पृष्ठभागाजवळच्या कुजत्या थरात, वरच्या वीतभर मालात राहून खातं. तीन फुटांच्या बेडमध्ये खालचा माल स्वतःच्या वजनाने दबतो, त्यात हवा शिरत नाही, पाणी साचतं, आंबूस वास सुटतो. तिथे गांडूळ जातच नाही. वर काळं दाणेदार खत दिसतं आणि खोरं घातलं की खाली शेणाचा हिरवट चिकट गोळा निघतो. बेड जास्त खोल झाल्याची खूण याहून स्पष्ट नसते.

पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, रूढ केलेली कंपोस्टची टाकी तीन फूट उंच असते, हे इथे कुणी दाखवून देईल. ती उंची त्या टाकीला शोभते, कारण तिच्या भिंतींना चारी बाजूंनी हवेसाठी भोकं असतात आणि तिथलं काम जिवाणूंचं असतं. गांडुळाच्या बेडला ते माप लावायचं नाही. उलट फक्त पाऊण फूट भरलं तर खत लवकर होतं, पण त्या ढिगाला दोन बेड लागतात आणि एप्रिल-मेमध्ये इतका पातळ थर दुपारपर्यंत कोरडा पडतो. दीड फूट भरलेला माल बसून फूटभरावर येतो. त्यात वर-खाली सगळीकडे गांडूळ पोचतं आणि ओलही टिकते. खोली गांडुळाच्या सवयीने ठरते, तिथे आपली सोय चालत नाही.

बेडची संख्या आता दिवसांवरून निघते. माल भरल्यावर गांडुळांना साधारण 60 दिवस लागतात. मग पाच दिवस पाणी बंद करायचं, म्हणजे गांडुळं ओलाव्याच्या मागे खाली उतरतात. वरचं खत काढणं, चाळणं, बेड पुन्हा भरणं यात आणखी चार-पाच दिवस जातात. एक बेड 70 दिवस अडकला. दर 15 दिवसांनी नवा ढीग तयार होतो, म्हणून 70 भागिले 15, उत्तर 4.67. बेडचा तुकडा बांधता येत नाही, तेव्हा पाच. पण पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या थंडीत हेच काम 80 दिवसांवर जातं. 80 भागिले 15 म्हणजे 5.33. पाच बेडवर भागवणाऱ्याचा एक ढीग नेमका जुलैत अडतो, पावसात भिजतो आणि घडी विसकटते. या गोठ्याला सहा बेड लागतात.

प्लास्टिकचा तयार बेड घेणार असाल तर तो बहुधा 12 बाय 4 बाय 2 फुटांचा येतो. पिशवी दोन फूट उंच आहे म्हणून काठोकाठ भरू नका, दीड फुटाची खूण करा. तेवढ्यात 72 घनफूट, म्हणजे हजार किलो माल बसतो. कुजलेल्या मालाच्या हिशेबाने रोजचे 40 किलो धरले तर तो 25 दिवसांचा माल झाला. 80 भागिले 25 म्हणजे 3.2, तेव्हा चार बेड. मात्र ढीगही मग 25 दिवसांचे करावे लागतात आणि त्यांना जागा जास्त लागते.

एक गोष्ट या हिशेबात लपून राहते. 600 किलो माल 60 दिवसांत संपवायचा तर रोज 10 किलो खाल्ला गेला पाहिजे. गांडूळ दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास खातं. नव्या बेडमध्ये आपण तीन किलो गांडुळं सोडतो, त्यांच्याकडून हे होणं शक्य नाही. म्हणून पहिल्या बेडला तीन महिने किंवा जास्तही लागतात. तोवर त्यांची पिल्लावळ वाढते आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून बेड साठ दिवसांच्या चालीवर येतो. सहाही बेड एकाच दिवशी सुरू करून गांडुळं विकत घेणं मला पैशाची नासाडी वाटते. दोन बेड भरा आणि त्यांतल्या गांडुळांनी पुढचे भरा.

सहा बेड तीन-तीनच्या दोन ओळींत, मधे तीन फुटांची वाट आणि कडेने दीड-दीड फूट मोकळं ठेवून मांडले तर 36 बाय 12 फुटांच्या छपराखाली बसतात. अर्ध्या गुंठ्यापेक्षा कमी जागा. कोल्हापूरचा पाऊस मात्र दर तालुक्यात वेगळा. गगनबावड्यात तो आडवा येतो, तिथे छप्पर दोन-तीन फूट बाहेर काढावं लागतं. शिरोळला पाऊस कमी, पण 2019 आणि 2021 च्या पुराने तिथल्या गोठ्यांत पाणी शिरलं. तिकडे बेडचा चौथरा पुराच्या खुणेवरच हवा. बेडमधला माल मुठीत दाबला तर एक-दोन थेंब निघावेत. धार लागली तर पाणी जास्त, काहीच निघालं नाही तर कमी.

उसाचं पाचट या हिशेबात मी धरलेलं नाही. ते फार हलकं असतं, बेडची जागा अडवतं आणि सावकाश कुजतं. ते सरीत आच्छादन म्हणून राहिलेलं बरं. शेण मात्र कच्चं रानात नेऊ नये. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या आणि अंडी उसात जातात.

सगळं जुळलं तर एका बेडमधून सुमारे 300 किलो चाळलेलं खत निघतं. दर पंधरवड्याला एक बेड रिकामा होतो, म्हणजे वर्षाला सात टनांच्या आसपास. एकरी दोन टनांनी ते साडेतीन एकर उसाला पुरतं. तुमच्या बेडमधून 100-150 किलोच निघत असेल तर गांडुळांना दोष देण्याआधी तळाचा माल खोऱ्याने उपसून बघा.

आणि नवीन बेड बांधणार असाल तर गवंड्याला निरोप धाडण्याआधी सात दिवस पाटी तोला.