ताळा जुळतो, उत्तर चुकतं

कॉस्टिंगच्या पेपरात ओव्हरहेड वाटपाचं मोठं गणित दिसलं की विद्यार्थी खूश होतात. बेरीज, गुणाकार, भागाकार यापलीकडे त्यात अवघड काही नसतं, आणि शेवटी सगळ्या विभागांची बेरीज एकूण खर्चाशी जुळली की गणित सुटलं असं वाटतं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मात्र वेगळं दिसतं. बेरीज चोख जुळलेली असते, खाली दोन रेघा ओढलेल्या असतात आणि उत्तर चुकलेलं असतं. हा ताळा फक्त आकडेमोडीची चूक पकडतो. खर्च भलत्या विभागावर टाकला तर त्याला काही कळत नाही. म्हणून ही टिपणवही ताळ्यात न सापडणाऱ्या चुकांपासून सुरू करतो.

आधी मुळात काय करायचं असतं ते सांगतो. कारखान्यात काही विभाग माल बनवतात आणि काही विभाग त्या विभागांना सेवा देतात. भाडं, वीज, घसारा असा खर्च सगळ्यांचा मिळून होतो, पण तो अखेर मालाच्या किमतीतच बसवायचा असतो. त्यासाठी हा खर्च प्रथम सगळ्या विभागांत वाटतात. हे प्राथमिक वाटप. मग सेवा विभागांवर साचलेला खर्च उत्पादन विभागांकडे वळवतात. हे दुय्यम वाटप. त्यानंतर तासाचा दर काढतात.

आपण एक छोटा कारखाना घेऊ. आकडे सोयीसाठी लहान ठेवले आहेत आणि ते तीन महिन्यांचे आहेत. मशीन शॉप आणि जुळणी हे दोन उत्पादन विभाग, दुरुस्ती आणि भांडार हे दोन सेवा विभाग. सामायिक खर्च असा: भाडं ६०,०००, वीज ४८,०००, घसारा ४३,००० आणि कॅन्टीन २०,००० रुपये. शिवाय गणितात प्रत्येक विभागाचा प्रत्यक्ष माल आणि प्रत्यक्ष मजुरीही दिलेली असते. पहिला सापळा तिथेच आहे.

मशीन शॉपची प्रत्यक्ष मजुरी १,०५,००० रुपये आहे. दुरुस्ती विभागात मजुरी २०,००० आणि माल ९,६०० रुपये, तर भांडारात मजुरी १५,००० आणि माल ८,९०० रुपये. यातलं ओव्हरहेडमध्ये काय घ्यायचं? काही जण सगळंच घेतात, काही जण सगळंच सोडतात. दोन्ही चूक. मशीन शॉपमधला कामगार ज्या वस्तूवर काम करतो त्या वस्तूच्या खात्यात त्याची मजुरी थेट लिहिली जाते, म्हणून ती ओव्हरहेडमध्ये येत नाही. दुरुस्ती विभागातला कामगार कोणतीच विकाऊ वस्तू बनवत नाही. त्याची मजुरी त्या विभागापुरती ‘प्रत्यक्ष’ असली तरी मालाच्या दृष्टीने ती अप्रत्यक्षच. म्हणून सेवा विभागांचे हे सगळे ५३,५०० रुपये ओव्हरहेडमध्ये घ्यायचे आणि ते ज्या विभागाचे आहेत त्याच विभागाच्या रकान्यात लिहायचे, वाटायचे नाहीत.

मशीन शॉपची मजुरी चुकून घेतली तर काय होतं ते पाहा. या विभागाचा बरोबर दर पुढे तासाला २२ रुपये येणार आहे. या चुकीने तो ३७ रुपये होतो. वर प्रत्येक जॉबच्या खात्यात मजुरी वेगळी धरलेली असतेच, म्हणजे गिऱ्हाइकाकडून तीच मजुरी दोनदा मागितली जाते. आणि विद्यार्थ्याने ही रक्कम एकूण रकान्यातही लिहिलेली असते, त्यामुळे ताळा मात्र जुळतो.

या गोंधळाचं मूळ मला ठाऊक आहे. उत्पादन विभागांची मजुरी गणितात दिलेली असते कारण ती वाटपाचा आधार म्हणून लागते. कामगार विमा योजनेची वर्गणी मजुरीच्या टक्केवारीने भरतात, म्हणून तो खर्च आला की तो चारही विभागांच्या मजुरीच्या प्रमाणात वाटायचा. तिथे मशीन शॉपचे १,०५,००० रुपये वापरायचे, पण फक्त प्रमाण काढण्यासाठी. गणित वाचताना प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने ‘खर्च’ किंवा ‘आधार’ असं लिहा. या एका सवयीने निम्म्या चुका थांबतात.

दुसरी चूक आधार निवडण्याची. आधाराच्या याद्या पाठ करतात आणि तिथेच घसरतात. भारतीय कॉस्ट अकाउंटंट्स संस्थेचं ओव्हरहेडसंबंधीचं तिसरं मानक खर्चाचं कारण आणि मिळालेला लाभ यांवर बोट ठेवतं. गणित सोडवतानाही तेच विचारायचं: हा खर्च कशामुळे वाढतो? कॅन्टीनचा खर्च माणसांमुळे वाढतो, म्हणून तो माणसांच्या संख्येवर. घसारा यंत्रांच्या किमतीवर. विजेच्या बाबतीत मात्र हमखास चूक होते. आपल्या कारखान्यात मशीन शॉपमध्ये ६० हॉर्सपॉवरची यंत्रं ७०० तास चालली. जुळणीत २० हॉर्सपॉवरची यंत्रं ३५० तास चालली आणि दुरुस्तीतही तेवढीच. भांडारात यंत्र नाही. विद्यार्थी ६०, २०, २० हे प्रमाण धरून मशीन शॉपवर २८,८०० रुपये टाकतो. पण बंद यंत्र वीज खात नाही. हॉर्सपॉवरला तासांनी गुणलं की ४२,०००, ७,००० आणि ७,००० येतात, म्हणजे प्रमाण ६ : १ : १. मग मशीन शॉपवर ३६,००० आणि बाकी दोघांवर सहा-सहा हजार. फरक ७,२०० रुपयांचा, आणि बेरीज दोन्ही वेळा ४८,०००. गणितात हॉर्सपॉवर आणि तास दोन्ही दिले असतील तर त्यांचा गुणाकार हवा, हे मनात पक्कं करा. दिव्यांचा खर्च वेगळा दिला असेल तर त्याला दिव्यांची संख्या हा आधार लागतो, हॉर्सपॉवर नव्हे.

तिसरी चूक घाईची. भाडं जागेच्या प्रमाणात वाटायचं हे माहीत असतं, पण विद्यार्थी फक्त उत्पादन विभागांची जागा घेतो. मशीन शॉप ३,००० चौरस फूट आणि जुळणी १,५००. झालं, ४०,००० आणि २०,०००. दुरुस्तीचे ९०० आणि भांडाराचे ६०० फूट राहूनच जातात. एकूण जागा ६,००० फूट, म्हणजे फुटाला १० रुपये, आणि सेवा विभागांवरही अनुक्रमे ९,००० आणि ६,००० रुपये यायला हवेत. प्राथमिक वाटपात सेवा विभागांना वगळायचं नसतं. ते दुय्यम वाटपात रिकामे होतात.

हे सगळं नीट केलं की प्राथमिक वाटपानंतर मशीन शॉपवर १,०२,०००, जुळणीवर ३६,५००, दुरुस्तीवर ५२,००० आणि भांडारावर ३४,००० रुपये येतात. एकूण २,२४,५००. हा आकडा चौकटीत लिहून ठेवा.

आता दुय्यम वाटप. दुरुस्तीची सेवा मशीन शॉपला ६० टक्के, जुळणीला ३० टक्के आणि भांडाराला १० टक्के जाते. भांडाराची सेवा ४०, ४० आणि दुरुस्तीला २० टक्के. दोघेही एकमेकांना सेवा देतात, म्हणून समीकरणं मांडायची. दुरुस्तीचा एकूण खर्च ‘द’ आणि भांडाराचा ‘भ’ धरला तर

द = ५२,००० + ०.२० भ
भ = ३४,००० + ०.१० द

दुसरं समीकरण पहिल्यात घातलं की ०.९८ द = ५८,८००, म्हणून द ६०,००० आणि भ ४०,०००. इथवर बहुतेक जण बरोबर येतात. पुढच्याच ओळीत घसरतात: ६० आणि ३० टक्के लावायचे ते ६०,००० वर, पण लावतात जुन्या ५२,००० वर, भांडाराचंही तसंच. मग समीकरणं सोडवलीच कशाला? या चुकीने उत्पादन विभागांची बेरीज २,१२,५०० येते, म्हणजे चौकटीतल्या आकड्यापेक्षा १२,००० कमी. इथे ताळा उपयोगी पडतो. फरक दिसला की वाटपाची ओळ पुन्हा पाहायची.

उलट भीतीही असते. द आणि भ यांची बेरीज एक लाख येते आणि मुळात तर ८६,०००च होते, म्हणून विद्यार्थी बरोबर उत्तर खोडतो. वरचे १४,००० हे दोन सेवा विभागांनी एकमेकांवर टाकलेले ६,००० आणि ८,००० आहेत. उत्पादन विभागांकडे दुरुस्तीचे ५४,००० आणि भांडाराचे ३२,००० जातात, मिळून ८६,०००च. खोडू नका.

प्रश्नात पद्धत दिलेली असेल तर तीच वापरायची. थेट पद्धत सांगितली असेल तर सेवा विभागांचा आपापसातला हिस्सा सोडून द्यायचा आणि उरलेल्या ६० आणि ३० टक्क्यांचं प्रमाण २ : १ धरायचं. तसेच टक्के लावले तर दहावा हिस्सा अधांतरी राहतो. पायरी पद्धतीत एकदा रिकामा केलेला विभाग पुन्हा उघडायचा नाही.

शेवटी मशीन शॉपवर १,५४,००० आणि जुळणीवर ७०,५०० रुपये आले. मशीन शॉपमध्ये १० यंत्रं प्रत्येकी ७०० तास चालली, म्हणजे ७,००० तास, दर २२ रुपये. इथे ७०० ने भागून २२० रुपये दर काढणारे प्रत्येक परीक्षेत भेटतात. विभाग किती तास चालला आणि यंत्रांचे एकूण तास किती, यांत गल्लत होते. जुळणीत हातकाम जास्त, म्हणून तिथे मजुरांचे ९,४०० तास धरायचे आणि दर ७.५० रुपये. एखाद्या जॉबला मशीन शॉपमध्ये ८ तास आणि जुळणीत ४ तास लागले तर त्यावर ओव्हरहेड १७६ अधिक ३०, म्हणजे २०६ रुपये. प्रत्यक्ष माल आणि मजुरी यात वेगळी मिळवायची.

परीक्षेत प्राथमिक वाटपाच्या तक्त्यात खर्चाच्या नावाशेजारी ‘आधार’ हा रकाना आखा आणि आकडे मांडण्याआधी तो पूर्ण भरा: भाडं, जागा, वीज, हॉर्सपॉवर तास, सेवा विभागांची मजुरी, थेट. तो रकाना भरल्याशिवाय एकही भागाकार करू नका.