एलईडी लावला, इंडिकेटर का धावतो?

नांदेड-लातूर रस्त्यावर रात्री फिरणारे अनेक जण हॅलोजन काढून एलईडी बसवतात. मग डॅशबोर्डवर ‘बल्ब गेला’ असा इशारा येतो.

खरं तर बल्ब शाबूत असतो. ५५ वॉटचा हॅलोजन साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, एलईडी त्याच्या निम्म्याहूनही कमी. गाडीचा कंट्रोलर करंट मोजतो आणि कमी दिसला की फिलामेंट तुटली असं धरतो. काही गाड्या हेडलाइटला करंट तुकड्यातुकड्यांनी देतात. तापलेली फिलामेंट तो खंड झाकते, एलईडी लगेच लुकलुकतो. त्यावर डीकोडर लागतो.

इंडिकेटरचंही तसंच: २१ वॉटच्या जागी दोन-तीन वॉट आले की फ्लॅशर दुप्पट वेगाने टिकटिकतो. जुन्या गाडीत एलईडीला चालणारा फ्लॅशर रिले बसवणं उत्तम. रेझिस्टर लावलाच तर तो प्लास्टिकपासून दूर, पत्र्यावर घट्ट बसवा, चांगलाच तापतो.