तिरक्या रेघांमधला उच्चार

इंग्रजी शब्दकोशात हवा तो शब्द सापडला की नजर थेट अर्थावर जाते. मधे दोन तिरक्या रेघांत काहीतरी विचित्र छापलेलं असतं, उलटा ई, मोडका झेड, वर एक उभी टिकली, आणि ते आपण न बघता ओलांडतो. खरं तर शब्द कसा बोलायचा याची पूर्ण नोंद तिथंच असते. ती वाचता आली तर फोनवरचं ध्वनिचित्रण ऐकायची गरज फारशी उरत नाही.

इंग्रजीत लिपीची अक्षरं 26 आणि प्रमाण ब्रिटिश बोलण्यातले ध्वनी सुमारे 44, म्हणजे स्पेलिंगवरून उच्चार ओळखणं हा बराचसा अंदाजाचाच खेळ. पॅरिसमध्ये 1886 साली काही भाषाशिक्षकांनी एक संघटना काढली आणि एका ध्वनीला एकच चिन्ह देणारी लिपी तयार करायला घेतली. आज बहुतेक ब्रिटिश कोशांत त्या लिपीतली चिन्हं दिसतात. देवनागरीत वाढलेल्या माणसाला त्यामागची कल्पना नवी नाही. त्यांच्या तक्त्यात व्यंजनं ओठांपासून घशाकडे जातात, आपल्या वर्णमालेत क-वर्गाच्या घशापासून प-वर्गाच्या ओठांकडे येतात, एवढाच फरक.

एक शब्द घेऊन बघू. स्पेलिंग आहे ई-पी-आय-टी-ओ-एम-ई. वर्तमानपत्रात अधूनमधून भेटणारा हा शब्द अनेकजण ‘एपिटोम’ असा वाचतात. कोशात मात्र असतं:

/ɪˈpɪtəmi/

आधी स्वर मोजायचे. ɪ, ɪ, ə, i असे चार आहेत, म्हणजे शब्दाचे तुकडे चार. ‘एपिटोम’मध्ये तीनच होते, तेव्हा वाचनातली चूक इथंच पकडली जाते. मग उभी टिकली शोधायची. ती आघाताची खूण आहे आणि ती आघात असलेल्या तुकड्याच्या आधी येते, नंतर नाही. इथं ती ‘पि’च्या आधी आहे, म्हणून जोर ‘पि’वर. आता उरलेले तुकडे शेवटाकडून जोडत यायचं: मि, तमि, पितमि, इपितमि. शेवटाकडून जोडलं की तोंडाला पुढचा तुकडा आधीच ओळखीचा झालेला असतो, त्यामुळे मधे अडखळायला होत नाही. लांब शब्दांना ही युक्ती फार उपयोगी पडते.

त्यातला उलटा ई, म्हणजे ə, हा इंग्रजी बोलण्यात सर्वांत जास्त येणारा स्वर. अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांना तो शिकताना कष्ट पडतात. आपल्याला तो आयता मिळालेला आहे, कारण ‘कमळ’ म्हणताना क आणि म यांत जो अ असतो, तो जवळजवळ हाच. फक्त इंग्रजीत तो आणखी पुसट असतो आणि त्याच्यावर आघात कधीच पडत नाही. आघाताचा अ हवा असेल तर कोश ʌ हे वेगळं चिन्ह देतो. ‘वर’ या अर्थाच्या अबव्ह शब्दात दोन्ही शेजारी भेटतात: /əˈbʌv/. आपल्या कानाला दोन्ही अ-च वाटतात. जोर योग्य जागी दिला तर तेवढं चालून जातं.

जोराची ही टिकली किती काम करते, ते फोटोच्या कुटुंबात स्पष्ट दिसतं. फोटोग्राफ, फोटोग्राफर आणि फोटोग्राफिक हे तीन शब्द आपण मराठीत एकाच चालीवर म्हणतो. कोशात ते असे असतात:

/ˈfəʊtəɡrɑːf/
/fəˈtɒɡrəfə(r)/
/ˌfəʊtəˈɡræfɪk/

पहिल्यात जोर सुरुवातीला आहे. तिथला əʊ हा जोडस्वर आहे, मोजताना तो एकच धरायचा. आपल्या ‘ओ’सारखा तो एका जागी थांबत नाही, अ-पासून निघून उ-कडे सरकतो. दुसरा ओ मात्र पार पुसट होऊन ə झाला आहे. दुसऱ्या शब्दात जोर पुढे सरकतो, तशी अदलाबदल होते: आधी जो पुसट होता तो ‘टॉ’ ठसठशीत होतो आणि पहिला ‘फो’ नुसता ‘फ’ होतो, फ-टॉ-ग्र-फ. तिसऱ्यात खालची टिकली दुय्यम आघाताची आणि वरची मुख्य, म्हणून खरा भर ‘ग्रॅ’वर. स्पेलिंगमध्ये यातलं काहीही दिसत नाही. कंसातला आर म्हणजे लंडनकडचा माणूस तो सहसा उच्चारणार नाही, पण पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर उच्चारेल. आणि ɑː मधले ते दोन ठिपके खरं तर समोरासमोर टेकवलेले दोन छोटे त्रिकोण आहेत, त्यांचा अर्थ स्वर लांबवा.

नवखे वाचक अनोळखी चिन्हांपाशी अडतात असं वाटतं, पण घोटाळा होतो तो ओळखीच्या चिन्हांपाशी. अनोळखी चिन्ह दिसलं की माणूस निदान तक्ता बघतो. j दिसलं की कोणी बघत नाही, सरळ ज वाचतो. इथं j म्हणजे य: ‘हो’ अर्थाचा येस हा /jes/ असा असतो. आपला ज हवा असेल तर dʒ बघायचं, जसं न्यायाधीशाच्या जजमध्ये, /dʒʌdʒ/.

लांब शेपटीचा एन, ŋ, हा आपल्या ‘रंग’मधल्या अनुस्वाराचा, म्हणजे ङ-चा ध्वनी. मराठीत त्याच्यामागे क किंवा ग लागून येतो, म्हणून आपण गायकाच्या ‘सिंगर’मध्येही ग वाजवतो. कोश म्हणतो /ˈsɪŋə(r)/, ग नाहीच. बोटाच्या ‘फिंगर’मध्ये मात्र तो आहे: /ˈfɪŋɡə(r)/. दोन्ही स्पेलिंगांत एन-जी-ई-आर असंच आहे, तेव्हा हा भेद फक्त तिरक्या रेघांमध्येच कळतो.

सगळे कोश मात्र एकच लिपी वापरत नाहीत. अमेरिकन मेरियम-वेब्स्टरची स्वतःची पद्धत आहे, आणि तिथं y म्हणजे आपला साधा य. अमेरिकन हेरिटेज कोशात आघाताची खूण तुकड्याच्या नंतर येते. त्यामुळे नवा कोश हाती आला की आधी त्याचा चिन्हांचा तक्ता उघडावा, आणि त्यातल्या येससारख्या सोप्या, ठाऊक असलेल्या शब्दांवर तो पडताळून घ्यावा. एका कोशात e आणि दुसऱ्यात ɛ दिसलं तर घाबरू नये, बहुधा तो एकच स्वर असतो.

चिन्हं सांगत नाहीत असंही बरंच आहे. /t/ वाचून आपण ट म्हणतो, इंग्रज मात्र जीभ दातांमागच्या हिरडीला टेकवतो. आघात असलेल्या तुकड्याच्या सुरुवातीला /p/ आला तर त्यात थोडी हवा मिसळते, आपल्या प आणि फ यांच्या मधली. कोश हे छापत नाही, कारण इंग्रजीत त्यामुळे शब्दाचा अर्थ बदलत नाही. वाक्यातली ये-जाही एकट्या शब्दाच्या नोंदीत मावत नाही. ‘कॅन’ या शब्दापुढे मात्र चांगले कोश दोन उच्चार देतात, /kən/ आणि /kæn/. घाईच्या बोलण्यात वाक्याच्या मधे पहिला येतो. दुसरा येतो तो भर देताना, किंवा वाक्य त्या शब्दावरच संपत असेल तेव्हा.